तिसऱ्या बॅनरला पहिला नंबर का?

‘तिन्ही बघितली. घरात सगळ्यांना दोन नंबरचं आवडलं. तुम्ही तीन नंबरला पहिलं का म्हणताय?’

वेबसाइटची डिझाइनं करणाऱ्याच्या फोनवर असा मेसेज कधी ना कधी येतोच. ग्राहकाने पैसे मोजलेले असतात, त्याच्या घरात चर्चा झालेली असते, आणि त्याचं मत ठरलेलं असतं. आता उत्तर काय द्यायचं? बहुतेक डिझायनर इथे दोनपैकी एक वाट धरतात. एक तर ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणून मोकळे होतात, नाही तर ‘तीन नंबर जास्त मॉडर्न आणि क्लीन वाटतं’ असं लिहून पाठवतात. दुसरं उत्तर पहिल्यापेक्षाही वाईट. ‘वाटतं’ म्हटलं की आवडीविरुद्ध आवड असा सामना सुरू होतो, आणि त्यात घरची चार मतं विरुद्ध डिझायनरचं एक, हा निकाल आधीच लागलेला असतो.

चांगलं उत्तर कसं लिहितात हे एका उदाहरणावर पाहू. समजा, देवगडजवळचे एक हापूस बागायतदार आहेत. आजवर त्यांचा माल वाशीच्या बाजारात जात होता. आता त्यांना पुण्या-मुंबईच्या घरांत थेट पेटी पोचवायची आहे. त्यासाठी वेबसाइट हवी, आणि वेबसाइटला बॅनर हवा. इथे बॅनर म्हणजे साइट उघडल्याबरोबर वरच दिसणारा मोठा पट्टा: एखादं चित्र, एक-दोन ओळी मजकूर आणि एक बटण. इतर साइटवर झळकणाऱ्या जाहिरातींनाही बॅनर म्हणतात, त्यांच्याशी याचा संबंध नाही.

पहिलं डिझाइन सरकतं आहे. बाग, आंबा, पेटी, कुटुंब आणि सणाची सवलत अशी पाच चित्रं दर चार सेकंदांनी आपोआप बदलतात. दुसऱ्यात पट्टाभर एकच फोटो: संध्याकाळचं केशरी आकाश, खाली कलमांची रांग, लांबवर समुद्राची रेघ. त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘परंपरा चवीची’ आणि कोपऱ्यात फोन नंबर. तिसऱ्यात साय-रंगाची सपाट पार्श्वभूमी. डावीकडे गडद हिरव्या अक्षरांत ‘देवगड हापूस, थेट आमच्या बागेतून’, त्याखाली पाच डझनांच्या पेटीचा भाव आणि पहिल्या रवानगीची तारीख, मग ‘पेटी बुक करा’ हे बटण. उजवीकडे गवतात मांडलेल्या आंब्यांच्या उघड्या पेटीचा फोटो.

घरच्यांना दुसरं आवडलं यात नवल काहीच नाही. ते चित्र सुंदर आहेच. शिवाय ती त्यांची स्वतःची बाग आहे, तिथला सूर्यास्त ते रोज बघतात. पण बॅनर बघणार कोथरूडमधल्या किंवा बोरिवलीतल्या घरी बसलेला माणूस. तो ही बाग ओळखत नाही आणि त्याला आत्ता सूर्यास्त बघायचा नाही. त्याच्या डोक्यात साधे प्रश्न आहेत: आंबा खरंच देवगडचा आहे का, पेटी कितीला, घरी कधी मिळेल. क्रम लावताना कसोटी हीच असायला हवी, आणि उत्तराच्या पहिल्या दोन-तीन ओळींत ती सांगून टाकायला हवी. म्हणजे सुरुवात साधारण अशी:

‘नमस्कार काका, माझ्या मते क्रम तीन, दोन, एक असा लागतो. साइटवर येणारी बरीच माणसं व्हॉट्सअ‍ॅपवरची लिंक उघडून, म्हणजे मोबाइलवरून येतील. त्यांना आंबा कुठला, भाव काय आणि मिळणार कधी, हे पहिल्या पडद्यावर कळायला हवं. तीन नंबरवर ते कळतं. दोन नंबरचं चित्र तिन्हींत देखणं आहे, पण मोबाइलवर त्यातला मजकूर वाचता येत नाही. खाली दोन्हींचे फोनवरचे फोटो जोडतोय, तुम्हीच बघा.’

निकाल वर, कारण लगेच खाली, आणि पुरावा ग्राहकाच्या हातात. डिझायनरच्या अनुभवाची वर्षं इथे कुठेच येत नाहीत, आणि आली नाहीत तेच बरं. पडताळून बघता येईल असं कारण दिलं, की वाद आवडीवरून उठून फोनच्या पडद्यावर जातो.

आता त्या पडद्यावर नेमकं काय होतं? दुसरं डिझाइन १९२० पिक्सेल रुंद आणि ६०० पिक्सेल उंच आहे. काँप्युटरच्या मोठ्या पडद्यासाठी हे माप सर्रास धरतात. पुष्कळ अँड्रॉइड फोनच्या पडद्याची रुंदी वेबसाइटच्या हिशेबात ३६० पिक्सेलच्या आसपास भरते. पूर्ण चित्र तेवढ्या रुंदीत बसवलं की ते पाचपटीहून जास्त लहान होतं. ६०० ची उंची ११२ वर येते, आणि ४८ पिक्सेलचं ठसठशीत शीर्षक उरतं ९ पिक्सेलचं, म्हणजे पडद्यावर जेमतेम दीड मिलिमीटर. रोमन अक्षर या मापातही कसंबसं तग धरतं. देवनागरीत त्याच दीड मिलिमीटरमध्ये वरची वेलांटी, शिरोरेघ, मधलं अक्षर आणि खालचा उकार एवढं सगळं बसवायचं असतं. सर्वांत आधी अनुस्वाराचा ठिपका जातो आणि ‘आंबा’चा ‘आबा’ होतो. कोपऱ्यातला फोन नंबर तर याहूनही लहान असतो.

यावर एक उपाय सुचतो: चित्र लहान न करता उंची राखायची आणि बाजू कापायच्या. मग फोनवर ४०० पिक्सेलची उंची ठेवली, तर त्या प्रमाणात चित्राची रुंदी १२८० होते आणि त्यातले मधले ३६० पिक्सेलच दिसतात. म्हणजे बॅनरचा पाव भाग किंवा थोडा अधिक. डावीकडचं शीर्षक गेलं, उजवा कोपरा गेला. राहिलं आकाश आणि दोन कलमं.

हे सगळं होतं ते मजकूर चित्रातच रंगवलेला आहे म्हणून. छापखान्याच्या कामातून आलेली ही सवय आहे. लग्नपत्रिका किंवा फ्लेक्स एकाच मापाचा असतो, तिथे अक्षरं चित्रात मिसळली तरी बिघडत नाही. वेबसाइटचं पान प्रत्येक पडद्यावर नव्याने मांडलं जातं. तिसऱ्या डिझाइनमध्ये फोटो वेगळा आहे आणि मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला, म्हणून फोनवर फोटो वर जातो, मजकूर त्याखाली येतो, आणि शीर्षक २८ पिक्सेलचं ठेवायचं ठरवलं तर २८ चंच राहतं. असा मजकूर गूगलला वाचता येतो, आणि अंध वाचकाच्या फोनलाही बोलून दाखवता येतो. चित्रातल्या अक्षरांचं वर्णन वेगळं लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहायचं हमखास राहून जातं.

‘मग दोन नंबरचं मोबाइलसाठी वेगळं उभं चित्र करून द्या की,’ असं काका म्हणू शकतात, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. ते करता येतं. पण आंब्याचा भाव सगळ्या हंगामात एकच राहत नाही. मार्चमध्ये माल कमी, भाव चढा. आवक वाढेल तसा तो खाली येतो. मजकूर टाइप केलेला असेल, तर काकांचा मुलगा स्वतः आकडा बदलू शकतो. चित्रात असेल, तर दर वेळी डिझायनरला फोन, दोन चित्रं नव्याने, आणि त्याचे पैसे. उत्तरात हा मुद्दा यायलाच हवा. खर्चाचा आकडा ग्राहकाला जितका पटकन कळतो, तितकं पिक्सेलचं गणित कळत नाही.

दुसरी अडचण रंगाची. पांढरी अक्षरं केशरी आकाशावर आहेत. काँप्युटरवर अंधाऱ्या खोलीत ती सुरेख दिसतात. दुपारी बसस्टॉपवर उभं राहून फोन बघितला तर विरून जातात. हे मोजता येतं. अक्षराचा उजळपणा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा यांचं गुणोत्तर काढतात, त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. पांढऱ्यावर पांढरं म्हणजे १, पांढऱ्यावर काळं म्हणजे २१. वेबवरचा मजकूर सर्वांना वाचता यावा म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना किमान ३ सांगितलं आहे. पिकल्या आंब्यासारख्या केशरी रंगावर पांढरं अक्षर ठेवलं, तर हे गुणोत्तर २ च्या आसपास येतं. मोठ्या अक्षरांनाही ते पुरत नाही. तिसऱ्यातली गडद हिरवी अक्षरं साय-रंगावर १० च्या घरात जातात. मोजण्याची साधनं फुकट मिळतात. दोन रंग दिले की आकडा येतो.

फोटोवर अक्षरं ठेवण्यात आणखी एक मेख आहे. फोटोचा रंग सगळीकडे सारखा नसतो. ‘परंपरा’ काळसर पानांवर पडलं तर वाचता येतं, आणि ‘चवीची’ आकाशात शिरलं की हरवतं. पडद्याची रुंदी बदलली की कुठलं अक्षर कशावर पडेल हेही बदलतं. म्हणून एका जागी मोजून भागत नाही. अक्षरांच्या मागचा सर्वांत उजळ ठिपका धरून मोजावं लागतं. फोटोवर काळसर पडदा चढवून हे सुधारता येतं, पण तसं केलं की ज्या सूर्यास्तासाठी हे चित्र आवडलं, तोच मळकट होतो.

उत्तर लिहिताना एक प्रामाणिकपणा सांभाळावा लागतो. स्पर्धेतल्या डिझाइनचे सगळे दोष एका पंक्तीत बसवायचे नाहीत. काही दोष दुरुस्त होतात, काही त्या कल्पनेतच असतात. दुसऱ्या बॅनरची फाइल २.८ मेगाबाइटची आहे. फोनवर प्रत्यक्ष ५ मेगाबिटचा वेग मिळाला, तर नुसतं ते चित्र उतरायला साडेचार सेकंद लागतील. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असं गूगल सांगतं. हा दोष ऐकायला भयंकर वाटतो, पण क्रम ठरवताना मी त्याला फारसं वजन देणार नाही. फोटो वेबपी या प्रकारात साठवला की तो दीड-दोनशे किलोबाइटपर्यंत उतरू शकतो. मुळात फाइल जड झाली ती पीएनजी प्रकार निवडल्यामुळे; आणि तो निवडला कारण जेपेग दाबली की चित्रातल्या अक्षरांच्या कडा फाटतात. म्हणजे फिरून गोष्ट तिथेच येते: मजकूर चित्रात आहे. तो बाहेर काढला की वजनही उतरतं. पण मजकूर बाहेर काढून सपाट रंगावर ठेवला, की दुसरं डिझाइन बरंचसं तिसऱ्यासारखंच व्हायला लागतं. हे वाक्य मी काकांना जसंच्या तसं लिहीन.

सरकत्या बॅनरबद्दल मात्र थोडक्यात भागतं. असे बॅनर बहुधा निर्णय टाळण्यासाठी जन्माला येतात: मोठ्या भावाला बाग हवी, धाकट्याला पेटी, वहिनींना सणाची सवलत, म्हणून पाच चित्रं. पाहणारा पाचव्या चित्रापर्यंत थांबत नाही. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या वेबसाइटवर हे मोजलं गेलं होतं, आणि त्याचे आकडे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य पानावर आलेल्यांपैकी सुमारे एक टक्का लोकांनी सरकत्या बॅनरवर क्लिक केलं, आणि त्यातले ८० टक्क्यांहून जास्त क्लिक पहिल्याच चित्रावर होते. विद्यापीठाची साइट आणि आंब्याची साइट सारखी नव्हे, तेव्हा हे आकडे काकांच्या तोंडावर फेकायचे नाहीत. तरी दिशा कळते. शिवाय चार सेकंदांत मराठीतली दोन ओळींची सवलत वाचून होण्याआधीच ती पुढे सरकते, हे तर घरीच घड्याळ लावून बघता येतं.

आता काकांचा सर्वांत रास्त प्रश्न येईल: ‘आपण भांडतो कशाला? तिन्ही लावून बघू, ज्याला जास्त ऑर्डर येतील ते ठेवू.’ मोठ्या कंपन्या हेच करतात. पण इथे आकडा आडवा येतो. साइटवर रोज २०० माणसं आली आणि त्यातल्या शंभरातल्या दोघांनी ऑर्डर दिली, तर दिवसाला ४ ऑर्डर. एका बॅनरमुळे शंभरात दोनाच्या जागी तीन ऑर्डर येतात का, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगायचं, तर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने प्रत्येक बॅनर साधारण ३,८०० जणांनी बघायला हवा. २०० माणसं तीन बॅनरांत वाटली की एकेकाच्या वाट्याला रोज ६६-६७ येतात. ३,८०० व्हायला जवळजवळ दोन महिने. तोवर मे उजाडतो आणि निकाल हातात येताना आंबा संपत आलेला असतो. त्याआधीच, म्हणजे आठवड्याभरात, एकाला ११ आणि दुसऱ्याला ८ ऑर्डर आल्या म्हणून विजेता जाहीर केला, तर ती निव्वळ छापा-काटा ठरण्याची शक्यता मोठी. म्हणूनच या मापाच्या धंद्यात डिझाइनचा क्रम आधी, कारणं देऊन ठरवावा लागतो.

ऑर्डरी मोजण्याऐवजी एक छोटी तपासणी मात्र करता येते आणि मी ती उत्तरात सुचवीन. पुण्यातल्या पाच-सहा ओळखीच्यांना, ज्यांनी ही बाग पाहिलेली नाही अशांना, फोनवर एकच बॅनर पाच सेकंद दाखवायचा आणि फोन काढून घ्यायचा. मग विचारायचं: काय विकतायत? कुठलं आहे? घ्यायचं असेल तर काय कराल? एका माणसाला एकच बॅनर, कारण दुसरा बघताना पहिल्याचं उत्तर तोंडात असतं. ‘आवडलं का?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. दुसऱ्या बॅनरवर बघणारे ‘रिसॉर्ट आहे का?’ असं म्हणाले, तर काकांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. यातून ऑर्डर किती येतील हे कळत नाही; बॅनर समजतो की नाही, एवढंच कळतं.

तिसऱ्या डिझाइनमध्ये काय हरवतं, हे लिहिल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही, आणि नेमकं तेच बहुतेक डिझायनर लपवतात. बाग हरवते. तीन पिढ्यांची ओळख हरवते. सपाट पार्श्वभूमीवरची पेटी दुसऱ्या कुणाच्याही साइटवर शोभली असती. ‘थेट आमच्या बागेतून’ म्हणताना बागेचा पुरावा दिसत नाही, आणि देवगडच्या नावावर इतर ठिकाणचे आंबे खपवले जातात हे ग्राहकाला माहीत असताना ही उणीव लहान नव्हे. त्यावर उपाय असा: सूर्यास्ताचा फोटो फेकायचा नाही, बॅनरच्या लगेच खाली ‘आमची बाग’ या भागात अक्षरांशिवाय पूर्ण रुंदीने लावायचा. बटणाखाली एक बारीक ओळ भौगोलिक मानांकनाची. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये ते मिळालं आहे, पण ते नाव आणि चिन्ह वापरायला बागायतदाराची स्वतःची नोंदणी लागते. तेव्हा काकांची नोंदणी आहे का, हे त्याच मेसेजमध्ये विचारून घ्यायचं. नसेल तर ती ओळ टाकायची नाही.

आणखी एक वाक्य मी हमखास घालीन: हा क्रम कशाने बदलेल? काकांनी उद्या बागेत राहण्या-जेवणाची सोय केली आणि साइटचा मुख्य उद्देश पेट्या विकण्याऐवजी पर्यटक बोलावणं हा झाला, तर दुसऱ्या डिझाइनला पहिला नंबर. कारण मग येणाऱ्याला पेटीचा भाव नको असतो, त्याला तो सूर्यास्तच हवा असतो. हे लिहिलं की काकांना कळतं, की त्यांची आवड नाकारलेली नाही. ते चित्र या कामाला बसत नाही, इतकंच. शिवाय, आपला गैरसमज झाला असेल तर तोही इथेच उघडा पडतो. कदाचित काका म्हणतील, ‘अहो, दोन खोल्या बांधून झाल्यात, सांगायचं राहिलं.’ मग सगळा क्रम पुन्हा लावायला बसावं लागेल, आणि ते साइट चालू होण्याआधी झालेलं बरं.

मेसेजचा शेवट कामाचा असावा. ‘तुमचा होकार आला की तीन नंबरवर पुढचं काम सुरू करतो. दोन गोष्टी लागतील: पेटीचा दिवसाच्या उजेडात, सावलीत काढलेला फोटो, आणि पहिल्या रवानगीची तारीख. दोन नंबरच घ्यायचं ठरलं, तर अक्षरं चित्राबाहेर काढून देतो. त्याला तीन दिवस जास्त लागतील.’ निर्णय ग्राहकाचाच आहे, आणि तो विरुद्ध गेला तरी काय करणार हे त्याला आधी माहीत असतं. एवढा सगळा मेसेज फोनच्या दोन पडद्यांत मावला पाहिजे. वर सांगितलेलं कॉन्ट्रास्टचं आणि ३,८०० जणांचं गणित त्यात घालायचं नाही. काकांनी विचारलं तर तयार ठेवायचं.

आता बाजू बदलून, डिझाइन करून घेणाऱ्यांसाठी. तुमच्याकडे तीन बॅनर आले आणि ते काँप्युटरवर बघायला पाठवलेले असले, तर मत देण्याआधी तिन्ही तुमच्या फोनवर उघडतील अशी लिंक मागून घ्या, फोनचा उजेड निम्म्यावर आणा आणि उन्हात जाऊन बघा. मग घरच्यांना विचारा.